काकूंना रिपोर्ट दाखवायला जाण्यापूर्वी

दांडिया बाजारातल्या फराळवाल्या काकूंकडे दिवाळीच्या ऑनलाइन जाहिरातीचा रिपोर्ट घेऊन जायचे असेल, तर आदल्या रात्री आकड्यांआधी शब्द तपासून घ्यावेत. माझी पहिली ठेच ‘पोहोच’ या शब्दाला लागली. मी म्हटले, सोळा हजारांची पोहोच झाली. काकूंनी विचारले, “पोच कुठंय? सही केलेली?” दुकानदाराची पोच म्हणजे माल मिळाल्याची पावती, हे मला आठवायला हवे होते. तेव्हापासून Reach समोर पेन्सिलीने ‘किती जणांना दिसली’ आणि Impressions समोर ‘एकूण किती वेळा दिसली’ असे लिहून नेतो. १६,००० जणांना ४८,००० वेळा, म्हणजे माणशी सरासरी तीनदा. जणांचा आकडा अंदाजाचा असतो, हेही तिथेच सांगून टाकायचे. स्क्रीनवरचे इंग्रजी नाव खोडू नये, पुढच्या महिन्यात काकू मोबाइलवर तेच शोधणार असतात.

Conversions साठीचा ‘रूपांतरण’ हा शब्द घरीच ठेवावा. त्याऐवजी नेमके काय मोजले ते बोलावे. काकूंच्या जाहिरातीतून व्हॉट्सॲपवर ६० जणांनी बोलणे सुरू केले, त्या ६० चौकशा. त्यातल्या ऑर्डर किती, हे रिपोर्टमध्ये आपोआप कळत नाही, ते काकूंच्या वहीत असते. म्हणून वही मागून घ्यायची आणि दोन्ही आकडे शेजारी मांडायचे: ६० चौकशा, १५ ऑर्डर, २४,००० रुपयांची विक्री.

सर्वांत जास्त वेळ ROAS, म्हणजे जाहिरातीच्या खर्चामागे झालेली विक्री, या शब्दासाठी ठेवावा. त्याला ‘परतावा’ म्हटले की ऐकणाऱ्याला नफा ऐकू येतो. ६,००० खर्चून २४,००० आले, म्हणजे चौपट परतावा, असे मी एकदा सांगून बसलो आणि काकूंनी त्याच बैठकीत पुढच्या महिन्याचे बजेट दुप्पट करायला सांगितले. आता मी ‘जाहिरातीच्या एका रुपयामागे चार रुपयांची विक्री’ एवढेच म्हणतो आणि लगेच पाटीवर पुढचा हिशेब करतो. तूप, बेसन, गॅस, बायकांची मजुरी आणि डबे वजा जाता काकूंना शंभरामागे तीस उरतात. चोवीस हजारांवर ते ७,२०० होतात. जाहिरातीच्या ६,००० वर १८ टक्के जीएसटी धरला की बिल ७,०८०. काकूंचा जीएसटी नंबर नाही, त्यामुळे तो कर वळता होत नाही. शिल्लक १२० रुपये.

रिपोर्टमधल्या खर्चाच्या रकान्यात हा कर धरलेला नसतो, म्हणून बिलाची प्रत सोबत न्यावी. क्लिकचे दर वगैरे काकूंनी विचारले तरच काढावेत. मागच्या खेपेला १२० चा आकडा पाहून त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “मग जुन्या गिऱ्हाइकांना फोनच करते की.”