क्लासच्या ॲपची प्रायव्हसी पॉलिसी पालकांसाठी लिहिताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं आता गल्लीतल्या ट्यूशन क्लासचंसुद्धा ॲप असतंय. हजेरी त्यात, होमवर्कचे फोटो त्यात, टेस्टचे मार्क त्यात आणि फीपण त्यातूनच. ॲप कुणीतरी ओळखीतला डेव्हलपर करून देतोय, प्ले स्टोअरला पॉलिसीची लिंक लागते म्हणून नेटवरनं एक उचलून नाव बदलून टाकतोय, झालं. ती पालकांनी वाचावी असं कुणाच्या डोक्यातच नसतंय, आणि मग एखादी आई ग्रुपवर विचारते, "सर, हे कॉन्टॅक्ट कशाला मागतंय ओ?" तेव्हा सरांनाच माहीत नसतंय.

सगळ्यात मोठी चूक हीच, ॲप न बघता लिहिलेली पॉलिसी. ओळखायला सोपं आहे. त्यात 13 हा आकडा शोधा. "आम्ही 13 वर्षांखालील मुलांची माहिती जाणूनबुजून गोळा करत नाही" असं वाक्य दिसलं की समजायचं, हे अमेरिकेतनं आलंय, कारण तिकडच्या मुलांच्या ऑनलाइन कायद्यात 13ची मर्यादा आहे. आपल्याकडं 2023चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा 18 पूर्ण न झालेल्या प्रत्येकाला लहान मूल धरतोय. म्हणजे एसएसएलसीची अख्खी बॅच मुलंच, आणि पॉलिसी म्हणते आम्ही मुलांची माहिती घेत नाही! काही टेम्पलेटमध्ये तर "ही सेवा 18 वर्षांवरील व्यक्तींसाठीच" असंपण असतंय, आणि क्लास सातवी ते दहावीचा.

उपाय म्हणजे लिहायच्या आधी ॲप उघडून बसा. पालक म्हणून नव्यानं लॉगिन करा, प्रत्येक स्क्रीनवर काय भरायला लागतंय ते वहीत लिहा. समजा निपाणीचा एक क्लास आहे. वहीत एवढं येईल: मुलाचं नाव, इयत्ता, शाळा, पालकाचा मोबाईल नंबर, रोजची हजेरी, होमवर्कचा फोटो, मार्क, फी भरल्याची नोंद. बास. मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ॲपच्या परमिशन बघा. तिथं कॉन्टॅक्ट आणि लोकेशन दिसलं आणि वहीत त्याचं कामच नाही, तर पॉलिसीत त्याचं कारण शोधत बसू नका, डेव्हलपरला ती परमिशनच काढायला सांगा. होमवर्कचा फोटो निवडायला अँड्रॉइडचा स्वतःचा फोटो पिकर आहे, त्याला सगळ्या गॅलरीची परवानगी लागतच नाही.

एक गोष्ट मात्र या बघण्यात सापडत नाही. डेव्हलपरनं वापर मोजायला फायरबेस ॲनालिटिक्स टाकलं असेल तर ती लायब्ररी स्वतःहून जाहिरात आयडीची, म्हणजे जाहिरातीसाठी फोन ओळखायच्या नंबरची, परमिशन ॲपमध्ये घालते, फोनवर पालकाला काही विचारत नाही. तुम्ही लिहिलंय "आम्ही जाहिरातीसाठी काही घेत नाही", प्ले स्टोअरच्या डेटा सेफ्टी फॉर्ममध्येपण तसंच भरलंय, आणि ॲप वेगळंच सांगतंय. फॉर्म, पॉलिसी आणि ॲप जुळत नसलं की गूगल अपडेट अडवू शकतंय. जाहिराती दाखवत नसाल तर डेव्हलपरला मॅनिफेस्टमध्ये ही ओळ घालायला सांगा:

```xml
<uses-permission xmlns:tools="http://schemas.android.com/tools"
  android:name="com.google.android.gms.permission.AD_ID"
  tools:node="remove" />
```

आणि जाहिराती दाखवत असाल तर थांबा, त्याच कायद्यात मुलांना नेम धरून जाहिरात दाखवायला मनाई आहे, पॉलिसीत काहीही गोड लिहिलं तरी ते चालणार नाही.

दुसरी चूक, "होऊ शकते" टाइपची वाक्यं. "आपली माहिती सेवा सुधारण्यासाठी विश्वासू भागीदारांसोबत शेअर केली जाऊ शकते." कोण भागीदार, कुठली माहिती, कशाला? वाचून पालकाला वाटतंय की आता दुसऱ्या क्लासवाल्यांचे फोन सुरू होणार, आणि खरं तर असल्या वाक्याखाली तेपण बसतंय की. तेच निपाणीच्या क्लासनं असं लिहावं: "मुलगा क्लासला आला नाही तर तुम्हाला एसएमएस जातो. त्यासाठी मुलाचं नाव आणि तुमचा नंबर एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीकडं जातो. फी ऑनलाइन भरली तर रक्कम आणि तुमचा नंबर पेमेंट कंपनीकडं जातो, तुमचा कार्ड नंबर किंवा यूपीआय पिन आम्हाला दिसत नाही. या दोघांशिवाय बाहेर कुणाला काही देत नाही." कंपन्यांची नावंपण लिहायची. आणि शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहायचं, मार्कांची लिस्ट सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत असाल तर ते खोटं ठरतंय. एक तर ते टाकणं बंद करा, नाही तर तसं स्पष्ट लिहा. माझं मत विचाराल तर बंदच करा.

मग परवानगीचा घोळ. 2023च्या त्याच कायद्यानं मुलांची माहिती घ्यायला आई-बाबांची, पडताळता येईल अशी परवानगी लागते. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025मध्ये आले, आणि ही जबाबदारी तिथून 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027मध्ये लागू होते, तेव्हा तयारीला वेळ आहे. आत्ता काय होतंय की वडील गोव्याला कामाला, घरातला फोन पोराच्याच हातात, तोच ओटीपी टाकतोय, तोच टिक करतोय. म्हणून नंबर ॲपमध्ये मुलाकडनं भरून घेऊ नका, ॲडमिशनच्या वेळी पालक समोर असताना घ्या, तिथंच त्यांच्या फोनवर पॉलिसी उघडून दाखवा आणि टिक त्यांनाच करू दे. आधीच टिक करून ठेवलेला चौकोन नको.

भाषेचंपण तसंच. आपल्याकडं एकाच बॅचमध्ये मराठी आणि कन्नड घरं असतात, आणि इंग्रजी पॉलिसी दोघंपण वाचत नाहीत. कायदा म्हणतोय की सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय पाहिजे, त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. मशीननं केलेलं भाषांतर तसंच चिकटवू नका, कन्नडचं काम क्लासमधल्या कन्नड शिकवणाऱ्या मॅडमना द्या, आणि तिन्हीत आकडे आणि कंपन्यांची नावं तीच आहेत का ते बोट ठेवून तपासा. एक बदलली की बाकीच्या दोन बदलायच्या राहतातच.

आता डिलीट. "तुम्ही सांगितलं की माहिती लगेच पूर्ण काढून टाकू" हे लिहायला छान वाटतंय, पण फीच्या पावत्या हिशेबासाठी ठेवायलाच लागतात आणि सर्व्हरच्या बॅकअपमध्ये जुनं काही दिवस राहतंच. घोळ झालाय हे कसं कळतंय तर, पोरगी क्लास सोडून गेली, दुसऱ्या गावाला गेली, तरी आईच्या फोनवर "आज गैरहजर" येतच राहतंय. म्हणजे नाव बॅचमधनं काढलंय पण एसएमएसच्या लिस्टमधनं नाही. खरं ते असं लिहा: "क्लास सोडला की मेसेज त्याच दिवशी बंद. फोटो, हजेरी आणि मार्क 30 दिवसांत काढतो, बॅकअपमधनं जायला आणखी 30 दिवस लागतात. फीच्या पावत्या हिशेबासाठी ठेवतो." दिवसांचे आकडे डेव्हलपरला विचारूनच घाला, पावत्या किती वर्षं ते सीएला विचारा आणि तो आकडापण लिहा. ॲपमध्ये अकाउंट उघडता येत असेल तर ते काढायचं बटण ॲपमध्ये आणि एक वेब लिंक, दोन्ही प्ले स्टोअरला लागतात, तेव्हा "ऑफिसला येऊन अर्ज द्या" एवढंच चालत नाही.

खाली तक्रारीसाठी एका माणसाचं नाव, नंबर आणि वेळ द्या, उदाहरणार्थ संध्याकाळी 6 ते 8. नुसता ईमेल दिला तर पालक तो वापरत नाहीत, सरळ दारात येतात किंवा ग्रुपवर लिहितात.