कथा पर्यावरणाच्या नजरेने वाचताय? या चुका टाळा

पर्यावरणीय समीक्षा, म्हणजे ज्याला सगळे इकोक्रिटिसिझम म्हणतात, त्यावरचे बरेच लेख वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते, की कथेचं नाव बदललं तरी लेख तसाच्या तसा चालेल. 'लेखकाने निसर्गाचं विदारक दर्शन घडवलं आहे, माणसाने निसर्गापुढे नम्र व्हायला हवं' असं कुठल्याही कथेबद्दल लिहिता येतं. म्हणून एकच कथा हातात घेऊन बघू. जॅक लंडनची १९०८ ची 'टु बिल्ड अ फायर' घेते, कारण या कथेवर त्याच त्याच चुका होताना दिसतात.

कथा थोडक्यात अशी. कॅनडातला युकॉनचा प्रदेश, शून्याखाली ७५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे उणे ५९ सेल्सियसच्या आसपास. नाव नसलेला एक माणूस, त्याचा इथला पहिलाच हिवाळा, सोबत एक कुत्रा. वाटेत बर्फाखालच्या पाण्यात त्याचे पाय भिजतात, तो शेकोटी पेटवतो, ती विझते, दुसरी नीट पेटतच नाही आणि तो गोठून मरतो. कुत्रा जगतो.

पहिली चूक म्हणजे 'निसर्गाने सूड घेतला' असं लिहून मोकळं होणं. किंवा त्याचंच दुसरं टोक, निसर्ग क्रूर आहे. आता शेकोटी विझते तो प्रसंग सावकाश वाचा. माणसाने शेकोटी स्प्रूसच्या झाडाखाली पेटवलीये, का तर काटक्या ओढून सरळ आगीत टाकायला सोपं जातं. कित्येक आठवडे वारा नाही, त्यामुळे प्रत्येक फांदीवर बर्फ लादलेला. तो एकेक काटकी ओढतो तेव्हा झाड किंचित हलतं, त्याला ते कळतही नाही, आणि शेवटी वरच्या एका फांदीवरचा बर्फ खालच्या फांदीवर, तिच्यावरचा आणखी खाली असं करत सगळा ढीग माणसावर आणि आगीवर येऊन पडतो. यात सूड कुठे आहे? झाडाला काहीच नकोय. पण झाड नुसती पार्श्वभूमीही नाही, त्याला वजन आहे, त्याच्यावर साचलेले आठवडे आहेत, आणि माणसाच्या हाताच्या प्रत्येक ओढीला ते उत्तर देतंय. पर्यावरणीय वाचनाचं खरं काम इथे सुरू होतं, कारण हेतू नसलेली जमीन कथा पुढे कशी नेते हे तुम्हाला दाखवायचंय.

आपण ही चूक करतोय का हे ओळखायची साधी युक्ती आहे. जिथे जिथे 'निसर्ग' हा शब्द लिहिलात तिथे नेमकं काय होतं ते लिहून बघा, झाड, बर्फ, झऱ्याचं पाणी, थंडी. वाक्य टिकलं तर ठीक, कोसळलं तर ते वाक्य कथेतून आलेलंच नव्हतं.

दुसरी चूक कुत्र्याबद्दलची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. 'कुत्रा हे सहजप्रवृत्तीचं प्रतीक आहे, माणूस बुद्धीचं' असं लिहिलं की कुत्रा संपला, उरली फक्त माणसाबद्दलची एक कल्पना. लंडनने स्वतः हा फरक मांडलाय हे खरं, कुत्र्याला थर्मामीटर माहीत नाही पण हा प्रवासाचा दिवस नाही हे त्याला कळतं असं निवेदक सांगतो. पण कथेतला कुत्रा एवढ्यावर थांबत नाही. माणसाला बर्फाच्या पातळ थराचा संशय येतो तेव्हा तो कुत्र्याला पुढे जायला लावतो, कुत्रा मागे सरतो तर त्याला ढकलतो, म्हणजे धोका तपासायला प्राण्याचा जीव वापरतो. कुत्र्याचे पाय भिजतात, तो लगेच चाटून आणि दातांनी बोटांमधला बर्फ काढायला लागतो. आणि इथे गंमत बघा, माणूस हातमोजा काढून त्याला मदत करतो, आणि मिनिटभरात त्याची स्वतःची बोटं बधिर होतात.

हा प्रसंग बहुतेक लेखांत नसतोच कारण तो अडचणीचा आहे, 'निर्दयी मालक' या साच्यात बसत नाही. निवेदक स्पष्ट सांगतो की दोघांत जिव्हाळा नव्हता, कुत्र्याला मिळाले ते चाबकाचे फटके. तरी ही मदत आहेच. पुढे शेकोटी विझल्यावर हाच माणूस कुत्र्याला मारून त्याच्या उबदार शरीरात हात घालायचं ठरवतो, कुत्र्याला त्याच्या आवाजात भीती ऐकू येते आणि तो जवळ येत नाही, नेहमीचा चाबकासारखा आवाज ऐकल्यावर मात्र येतो. माणूस त्याला कवेत धरतो पण गोठलेल्या हातांत ना सुरी धरता येते ना गळा. म्हणजे कुत्रा वाचतो तो माणसाला दया आली म्हणून नाही, माणसाचे हात चालेनात म्हणून. त्यामुळे 'प्राण्याशी नातं' असं मोघम लिहू नका, कोण कोणाचं शरीर कशासाठी वापरतंय ते प्रसंगाप्रसंगाने लिहा, नातं आपोआप दिसेल.

याची उलटी चूकही होते, कुत्र्याला इमानदार किंवा धूर्त ठरवायची. शेवटी मृत्यूचा वास आल्यावर तो थोडा वेळ थांबून छावणीकडे निघतो, जिथे अन्न आणि आग देणारे दुसरे लोक आहेत. याला बेइमानी म्हणणं म्हणजे त्याच्यावर आपला करार लादणं झालं. आणि हेही लिहायला हवं की कुत्र्याच्या मनातलं आपल्याला सांगतोय तो माणूस-निवेदकच.

तिसरी चूक जबाबदारीची. 'मानवाची जबाबदारी' म्हटलं की लगेच सगळी मानवजात येते. पण हा माणूस त्या दिवशी लांबच्या वळणाच्या वाटेने का गेला? युकॉन नदीतल्या बेटांवरून वसंत ऋतूत लाकडाचे ओंडके काढता येतील का ते बघायला. कथेत हे एका वाक्यात येतं आणि लोक ते सरळ ओलांडून जातात. पण बघा ना, जंगलाकडे ओंडके म्हणून बघायला निघालेला माणूस त्याच जंगलातल्या एका झाडाचं वजन ओळखत नाही. निवेदक तर सुरुवातीलाच सांगतो की त्याला कल्पनाशक्ती नव्हती, थंडी म्हणजे त्याच्यासाठी फक्त आकडा. तेव्हा जबाबदारीवर लिहायचं तर या नजरेवर लिहा, एकट्याच्या निष्काळजीपणावर थांबू नका. तो ज्या छावणीकडे निघालाय ती सोनं शोधणाऱ्यांची आहे आणि युकॉनमधल्या क्लोंडाइक भागात सोन्यासाठी आलेली माणसांची ती लाट १८९६ नंतरची.

इथेच चौथी चूक होते, कथेबाहेरचं सगळं आत कोंबायची. १९०८ च्या कथेत हवामान बदल शोधू नका, तो तिथे नाही. मात्र जे त्या जागेवर होतं आणि कथेत नाही ते विचारता येतं. क्लोंडाइक नदीच्या मुखाशी ट्रॉन्डेक ह्वेचिन या तिथल्या आदिवासी लोकांची वस्ती होती आणि सोन्याच्या गर्दीमुळे १८९७ मध्ये त्यांना तिथून हलावं लागलं. कथेत थंडीचं शहाणपण सांगणारा म्हातारा सल्फर क्रीकचा आहे, उणे पन्नास फॅरेनहाइटच्या खाली एकट्याने फिरू नये हा त्याचा सल्ला. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांचं ज्ञान मात्र कथेत कुठेच ऐकू येत नाही. हे लिहिताना दोन वाक्यं वेगळी ठेवा, एकात कथा काय म्हणते ते आणि दुसऱ्यात इतिहासात काय होतं ते, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की ही शांतता कथेतली आहे आणि तिच्याकडे बोट तुम्ही दाखवताय.