'इंग्रजांनी हिंदू धर्म निर्माण केला' असं लिहिण्याआधी: सिद्धांत-निबंधातल्या या चुका टाळा

वडोदऱ्यात एम.ए. करताना जगातल्या श्रद्धा मोजक्या मोठ्या धर्मांत वाटून टाकणाऱ्या 'जागतिक धर्म' या चौकटीची चिकित्सा करणारा निबंध लिहायचा होता. मी पहिल्याच पानावर ठोकून दिलं की हिंदू धर्म इंग्रजांनी निर्माण केला. सरांनी समासात एवढंच लिहिलं: 'मग एकनाथांचा हिंदू कोण?' आता मी स्वतः निबंध तपासतो आणि दरवर्षी दहापैकी पाचसहा जणांच्या समासात तोच प्रश्न लिहितो.

एकनाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' सोळाव्या शतकातला, ईस्ट इंडिया कंपनीच्या आधीचा. त्यात दोघे एकमेकांच्या देवाची आणि पूजेची यथेच्छ टर उडवतात. म्हणजे नाव होतं आणि पूजापद्धतीवरून भांडण होईल इतका भेदही होता. वसाहतकाळात बदललं ते वेगळंच: एका नावाखाली एक पोथी, एक सिद्धांत शोधणं आणि माणूस एकाच नावाचा असणार असं धरून डोकी मोजणं. निबंधात हे वेगळं काढून दाखवा. 'निर्माण केला' हे क्रियापद खोडलं तरी तुमचा मुद्दा उभा राहतो का, ते पाहा. राहत नसेल तर तो मुद्दा नव्हता, नुसता आवेश होता.

दुसरी चूक लहान, पण गुण घालवणारी. 'एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय विद्वानांनी हिंदू धर्माला जागतिक धर्मांच्या यादीत बसवलं' असं सरसकट लिहू नका. सुरुवातीच्या वर्गीकरणात जागतिक म्हणजे वंश आणि देशाच्या सीमा ओलांडणारा. डच विद्वान आब्राहाम क्युनेन यांची 1882 ची व्याख्यानं याच भेदावर उभी आहेत: राष्ट्रीय धर्म एकीकडे, सार्वत्रिक दुसरीकडे. सार्वत्रिकांत ख्रिस्ती आणि बौद्ध धर्म बसत, इस्लामबद्दल त्यांनाच शंका. हिंदू धर्म राष्ट्रीय गटात पडे. आज शाळेच्या पुस्तकात दिसणारी लांब यादी नंतरची. धर्म-अभ्यासक टोमोको मासुझावा यांनी 2005 च्या पुस्तकात हीच वाट उलगडली: यादी वाढली, पण मोजपट्टी युरोपचीच राहिली.

आता जनगणना. इथे उदाहरण हाताशी असतं, म्हणूनच जास्त घसरायला होतं.

गुजरातेत मतिया कणबी आणि मोलेसलाम गरासिया असे समाज होते. मतिया जातीने कणबी, पण अहमदाबादजवळच्या पिराणा इथल्या मुसलमान पीर इमामशाह यांच्या परंपरेला मानत. मोलेसलाम मुसलमान झालेले राजपूत, पण बरेच रिवाज राजपुतांचेच. 1911 च्या जनगणनेत मुंबई इलाख्याचे अधीक्षक मीड यांनी अशांसाठी 'हिंदू-मुहम्मदन' असं वेगळं नाव वापरलं. जनगणना आयुक्त गेट यांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, जमेल तसं या लोकांना एका किंवा दुसऱ्या बाजूला टाकायला हवं होतं.

यावरून विद्यार्थी लिहितात, 'अशा रीतीने सरकारने सामायिक जीवन संपवलं.' अहवालातून एवढं निघत नाही. त्यातून दिसतो तो कोष्टकाचा हट्ट. शिवाय तो हट्ट सगळ्या अधिकाऱ्यांचा नव्हता; खालच्या माणसाला विसंगती दिसली होती. लोकांच्या जगण्यात पुढे काय झालं, हे जातपंचायतीचे वाद, कोर्टातले खटले आणि त्या समाजांची स्वतःची पुस्तकं सांगतील.

याहून सूक्ष्म चूक पुढे असते. गेट यांच्यावर टीका करून झाल्यावर विद्यार्थी कौतुकाने लिहितो, 'मतिया हे हिंदू आणि इस्लाम यांचं सुंदर मिश्रण होते.' अहो, मिश्रण म्हणायला आधी दोन शुद्ध, बंद डबे लागतात! ज्या चौकटीवर दहा पानं टीका केली तीच मागच्या दाराने घरात आली. त्यांच्या परंपरेत या वाटेला नाव आहे 'सत्पंथ', खरा मार्ग. अर्धा इथला, अर्धा तिथला नव्हे. निबंधात तेच नाव वापरा आणि 'मिश्र', 'संमिश्र', 'दोन्हींचा संगम' हे शब्द आले की थांबा. 'हिंदू धर्म मानतो', 'इस्लाम सांगतो' या वाक्यांचीही तीच गत. कोण मानतो, कोणत्या गावचा, कोणत्या काळात, हे कर्त्याच्या जागी लिहून पाहा. निम्मी वाक्यं आपोआप गळतात.

वडोदऱ्याच्या मुलांसाठी एक जादा सूचना. बडोदा हे संस्थान होतं; इथली जनगणना संस्थानच्या खात्याने केली आणि अहवालही वेगळा निघाला. तेव्हा 'ब्रिटिश सरकारने वडोदऱ्यात मोजलं' असं लिहू नका. धर्मांच्या तौलनिक अभ्यासाचं अध्यापनही सयाजीरावांच्याच राज्यात बडोदा कॉलेजात होतं. प्राध्यापक इंग्रज, ऑल्बन विजरी, पण पदरी ठेवणारा राजा मराठी. वसाहतवादाचं खापर फोडताना हा राजा कोणत्या बाजूला ठेवायचा, याला निबंधात निदान एक परिच्छेद द्यावा लागेल.