डिझाइन स्टुडिओ आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स: या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या चार-पाच टेबलांच्या डिझाइन स्टुडिओंमध्ये कॉम्प्युटर, नेटवर्क आणि सॉफ्टवेअर बघायला मी जातो. त्यांचं काम उत्तम असतं. प्रेसला फाइल बिनचूक जाते, जीएसटी वेळेवर भरला जातो, पण सॉफ्टवेअरचं लायसन्स कुणीही वाचलेलं नसतं. विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं, "अहो, पैसे भरलेत की आम्ही!" पैसे भरलेत हे खरं, पण कशाचे भरलेत? वागळे इस्टेटमध्ये गाळा भाड्याने घेतला तर तिथे धंदा करता येतो. तो गाळा विकता येत नाही आणि मालकाला न विचारता पोटभाडेकरूही ठेवता येत नाही. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. तुम्ही वापरण्याची परवानगी घेतलेली असते, आणि ती कुणाला, किती जणांना, कुठल्या मशीनवर हे त्या परवानगीत लिहिलेलं असतं.

एका अकाउंटवर अख्खा स्टुडिओ

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते आणि तिचा मला खरोखर वैताग आहे, कारण ती एका ओळीच्या अर्धवट वाचनातून होते. अडोबीचा एका व्यक्तीसाठीचा क्रिएटिव्ह क्लाउड प्लॅन दोन कॉम्प्युटरवर साइन इन करू देतो. तेवढं वाचून मालक दोन टेबलांवर दोन डिझायनर बसवतात. पुढची अट अशी आहे की ते दोन्ही कॉम्प्युटर एकाच माणसाचे असावेत आणि एका वेळी त्यांतल्या एकावरच काम चालावं. ऑफिसचा डेस्कटॉप आणि घरचा लॅपटॉप असलेल्या माणसासाठी ही सोय आहे. दोन माणसांसाठी ती नाही.

पाचपाखाडीतल्या एका पॅकेजिंग स्टुडिओत असंच चाललं होतं. अकाउंट मालकीणबाईंच्या नावावर आणि पासवर्ड व्हाइटबोर्डच्या कोपऱ्यात लिहिलेला. दिवाळीच्या मिठाईच्या बॉक्सचं काम होतं आणि तुर्भ्याच्या प्रेसला संध्याकाळपर्यंत फाइल हवी होती. घाई म्हणून तिसऱ्या मुलाने तिसऱ्या मशीनवर साइन इन केलं. स्क्रीनवर सूचना आली की आधीच्या एका मशीनवरून साइन आउट करा. त्याने यादीतलं पहिलं नाव दाबलं आणि शेजारच्या टेबलावर डाय-लाइन लावत बसलेल्या मुलीसमोर साइन इनची पाटी उभी राहिली. तिने पुन्हा साइन इन केलं, तर कोड मालकीणबाईंच्या फोनवर गेला, आणि त्या तेव्हा लोकलमध्ये कळवा ते मुंब्रा या पट्ट्यात, नेटवर्कच्या बाहेर. फाइल गेली ती दुसऱ्या दिवशी.

"पण दोन चालतात असं त्यांनीच लिहिलंय ना, दादा?" बाईंनी मला विचारलं. त्यांना मी कागदावर माणसं मोजायला लावली. त्या स्वतः, तीन डिझायनर, हिशेब बघणारी ताई आणि आठवड्यातून दोनदा येणारा शिकाऊ मुलगा. हिशेबवाल्या ताईंना फक्त पीडीएफ उघडून बघायची असते, त्याला फुकटचा रीडर पुरतो. शिकाऊ मुलाचं काम रेखाटनाचं, तो इंकस्केप आणि क्रिटावर बसला. ही दोन्ही सॉफ्टवेअर जीपीएल लायसन्सची आहेत, हव्या तितक्या मशीनवर टाका, धंद्यासाठी वापरा, कॉपी करून द्या, हरकत नाही. उरल्या चार जणांसाठी टीम प्लॅनच्या चार सीट. प्रत्येक सीट एका माणसाच्या नावावर आणि स्टुडिओच्या डोमेनच्या ईमेलवर. कुणी नोकरी सोडली तर अ‍ॅडमिन कन्सोलमधून सीट काढून नव्या माणसाला द्यायची. सकाळच्या मुलाकडून संध्याकाळच्या मुलीकडे रोज फिरवण्यासाठी मात्र ती सोय नाही.

खर्च वाढला का? वाढला. पूर्वी चौघे एकाचे पैसे भरत होते, त्यामुळे तो खर्च आधीपासूनचा थकलेलाच होता असं मी मानतो. शिवाय सोडून गेलेल्या मुलाकडे अख्ख्या स्टुडिओचा पासवर्ड राहण्याची भीती गेली, ती बाईंना जास्त मोलाची वाटली.

याच ठिकाणी लोक एक उलटी भीतीही बाळगतात. इंस्टॉलरची एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवली तर गुन्हा होतो का? नाही. भारताच्या कॉपीराइट कायद्यात, 1957 च्या कायद्याचं कलम 52(1)(aa), सॉफ्टवेअर रीतसर बाळगणाऱ्याला ते ज्या कामासाठी मिळालं त्या कामापुरती प्रत काढायला आणि नुकसान होऊ नये म्हणून बॅकअप ठेवायला मुभा आहे. बॅकअप डिस्कमध्ये पडून असतो, तोवर ठीक. तोच पाचव्या टेबलावर टाकून चालवला की तो बॅकअप उरत नाही.

"लाइफटाइम" सीट विकत घेणं

ऐरोलीतल्या एका स्टुडिओला व्हॉट्सअ‍ॅपवरून एक विक्रेता भेटला. सगळी डिझाइन सॉफ्टवेअर, एकदाच पैसे, आयुष्यभर चालणार, बिल नको असेल तर आणखी स्वस्त. त्यांनी चार अकाउंट घेतली. प्रत्येकाचा ईमेल आयडी विक्रेत्यानेच बनवून दिला होता, आणि पत्त्याच्या शेवटी कुठल्याशा अनोळखी कॉलेजचं नाव होतं. ते नाव त्यांनी रोज पाहिलं, पण चालतंय ना, मग कशाला विचारा!

गणपतीच्या आधी, साड्यांच्या दुकानाचा कॅटलॉग अर्ध्यावर असताना, चारही अकाउंट एकदम बंद झाली. विक्रेत्याचा नंबर लागेना. सॉफ्टवेअर बंद पडण्यापेक्षा मोठं दुखणं पुढे कळलं. चालू फाइली क्लाउड डॉक्युमेंट म्हणून सेव्ह होत होत्या, लोगो आणि रंग लायब्ररीत होते. संस्थेच्या सीटवर साठवलेल्या मालाचा ताबा करारानुसार त्या संस्थेकडे असतो. ज्याच्या हातात अ‍ॅडमिन कन्सोल, त्याच्या हातात फाइली. कॉलेजने आपल्या विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या सीट कुणीतरी बाहेर विकल्या होत्या. तशा विकायचा अधिकार कॉलेजलाही नसतो, मग विक्रेत्याला कुठून येणार? त्यामुळे घेणाऱ्याच्या हाती काहीच आलेलं नव्हतं.

काम परत कसं उभं केलं ते सांगतो, कारण ते इतरांच्याही उपयोगाचं आहे. दुकानदाराला मंजुरीसाठी मेलवर गेलेल्या पीडीएफ आम्ही गोळा केल्या. इलस्ट्रेटरमधून पीडीएफ काढताना `Preserve Illustrator Editing Capabilities` ही खूण ज्यांवर राहिली होती, त्या नव्या, रीतसर सीटवर जशाच्या तशा, लेअरसकट उघडल्या. बाकीच्यांमध्ये मजकुराचे ओळीओळींचे तुकडे पडले आणि ती पानं हाताने पुन्हा बांधावी लागली. दोन मुलींच्या रात्री त्यात गेल्या.

असा माल ओळखणं कठीण नाही. साइन इन करताना प्रोफाइलवर तुमच्या फर्मऐवजी परक्या संस्थेचं नाव दिसतं का ते बघा. फर्मच्या नावाचं, तुमचा जीएसटी नंबर असलेलं बिल मागा. आणि जी गोष्ट कंपनी फक्त महिन्याच्या किंवा वर्षाच्या वर्गणीवर देते, ती आयुष्यभरासाठी कुणी विकत असेल तर बोलणं तिथेच थांबवा. कोरल ड्रॉसारखं सॉफ्टवेअर एकरकमी मिळतं, पण तेही बिलावर आणि तुमच्या नावावर. अशी सीट आज तुमच्याकडे चालू असेल तर आधी क्लाउडमधली प्रत्येक फाइल स्वतःच्या कॉम्प्युटरवर सेव्ह करा आणि मग खरेदीला लागा. मी हाच क्रम पाळतो, कारण सीट केव्हा बंद होईल ते कुणी कळवत नाही.

आणि हे नुसतं गैरसोयीचं प्रकरण नाही. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली तर कलम 63B खाली किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं. स्टुडिओ हा धंदा आहे, त्यामुळे ती सवलत तुमच्यासाठी नाही.

विंडोजची स्वस्त की

असेंबल केलेला पीसी घेतलात तर त्यातलं विंडोज कुठल्या लायसन्सवर आहे ते बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये एवढं टाका:

```
slmgr /dli
```

`RETAIL` दिसलं तर लायसन्स दुसऱ्या मशीनवर नेता येतं. `OEM` दिसलं तर ते त्याच मशीनशी बांधलेलं आहे, मशीन विकली की तिच्याबरोबर जातं. `VOLUME_KMSCLIENT` दिसलं तर पीसी देणाऱ्याला जाब विचारा. केएमएस ही मोठ्या कंपन्यांची पद्धत आहे, तिला किमान 25 कॉम्प्युटर लागतात आणि दर 180 दिवसांच्या आत कंपनीच्या सर्व्हरकडून नूतनीकरण लागतं. पाच टेबलांच्या स्टुडिओत ती रीतसर आलेली नसते.

फॉन्ट क्लायंटला पाठवणं

पाठवू नका. अडोबी फॉन्ट्समधले फॉन्ट इनडिझाइनच्या पॅकेजमध्ये मुळात येतच नाहीत, क्लायंटला स्वतःची वर्गणी लागते. देवनागरीसाठी मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत. ते पाठवता येतात, फक्त नुसता फॉन्ट म्हणून विकता येत नाहीत.

"एक दणकट मशीन भाड्याने घेऊ, सगळे त्यावर"

घरून काम सुरू झाल्यापासून ही कल्पना प्रत्येक दुसऱ्या मालकाच्या डोक्यात येते. क्लाउडवर एक मोठा कॉम्प्युटर, त्यावर एकदाच सॉफ्टवेअर, आणि चौघं रिमोटने आत. फाइली क्लाउडवर ठेवणं वेगळं, सॉफ्टवेअर क्लाउडवर चालवणं वेगळं. पहिल्याला सहसा कुणाची ना नसते. दुसऱ्यात दोन परवानग्या लागतात, एक विंडोजची आणि एक डिझाइन सॉफ्टवेअरची. विंडोज प्रो एका वेळी एकालाच रिमोटने बसू देतं. "पॅच टाकून देतो, चौघे बसतील" म्हणणारा टेक्निशियन तुम्हाला लायसन्सबाहेर नेतोय. रीतसर मार्ग विंडोज सर्व्हरचा आहे, आणि त्यात रिमोटने येणाऱ्या प्रत्येकासाठी वेगळं अ‍ॅक्सेस लायसन्स लागतं. एवढं करूनही डिझाइन सॉफ्टवेअरच्या करारात अशा वापराला मनाई असू शकते.

म्हणून पैसे भरण्याआधी तो करार उघडा, `Ctrl+F` दाबा आणि `virtual`, `hosting`, `remote`, `third party` हे चार शब्द शोधा. अख्खा करार वाचायची तयारी नसली तरी जिथे हे शब्द सापडतील ते परिच्छेद पूर्ण वाचा. स्वतःचं पोट बाहेरच्यांना मशीन वापरायला देऊन भरायचं असेल, म्हणजे तासावर रेंडरिंग किंवा ओळखीच्या फ्रीलान्सरला लॉगिन, तर `third party`चा परिच्छेद दोनदा वाचा. बहुतेक वेळा तिथे स्पष्ट नकार असतो.

पाचपाखाडीच्या बाईंनाही हे मोठं मशीन हवं होतं. त्यांच्याकडे मी ते केलं नाही. प्रत्येक डिझायनर घरून ऑफिसमधल्या स्वतःच्याच मशीनला जोडला जातो, स्वतःच्या सीटने, एका मशीनवर एकच माणूस. ऑफिसचं इंटरनेट तेवढं वाढवून घेतलं आणि दुपारी लाइट गेली तरी मशीन चालू राहावीत म्हणून इन्व्हर्टर बदलला.