एका मालकाचा धंदा कंपनीकडे जातो तेव्हा: ख्याती नेमकी कुठून येते

सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिपला नवी मुलं येतात, तेव्हा कंपनीने एकल मालकाचा व्यवसाय ताब्यात घेतल्याचं गणित बहुतेकांनी बी.कॉम.ला सोडवलेलं असतं. खरी फाईल हातात आली की मात्र पहिला प्रश्न हमखास येतो: "ख्याती कुठल्या सूत्राने काढायची?" ख्यातीला, म्हणजे गुडविलला, स्वतःचं सूत्र नसतं. कंपनीने काय दिलं ही एक रक्कम आणि तिला काय मिळालं ही दुसरी. या दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी काढायच्या. दिलेलं जास्त असेल तर फरक ख्याती, मिळालेलं जास्त असेल तर भांडवली राखीव. दोन रकमा एकाच कागदावरून काढल्या, की गोंधळ सुरू होतो.

भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपसारखं उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे पडतील असे बसवले आहेत. मालकाचा ३१ मार्चचा ताळेबंद ४९ लाखांचा. मालमत्तेच्या बाजूला शेड १४ लाख, यंत्रं १४ लाख, माल ८ लाख, येणी साडेसात लाख, बँक शिल्लक साडेतीन लाख आणि पूर्वी कधीतरी दाखवलेली जुनी ख्याती २ लाख. देण्यांच्या बाजूला भांडवल ३१ लाख, बँकेचं मुदत कर्ज ९ लाख, मालाची देणी ६,४०,०००, देय खर्च ६०,००० आणि मेहुण्याकडून धंद्यासाठी घेतलेले २ लाख. करार असा, की बँक शिल्लक आणि मेहुण्याचं कर्ज मालकाकडेच राहील, बाकी सगळं कंपनी घेईल आणि बदल्यात १० रुपये दर्शनी किमतीचे ३ लाख समभाग ११ रुपयांनी देईल.

आधी मिळालेल्या गोष्टी मोजू. इथे ताळेबंदातले आकडे नव्हे, तर करारात मान्य केलेल्या किमती घ्यायच्या. जागेचे भाव वाढलेत म्हणून शेड २० लाखांना धरली. यंत्रं १२ लाखांना आणि माल ७,२०,००० ला, कारण पत्र्याचा काही माल गंजलेला होता. येण्यांवर पाच टक्के बुडीत धरून ७,१२,५०० राहिले. एकूण ४६,३२,५००. जुन्या २ लाखांच्या ख्यातीला यात जागा नाही. ती मालकाच्या वहीतली जुनी नोंद आहे आणि त्याच्याच वहीत ती मिटते.

देणी मोजताना नवी मुलं ताळेबंद समोर ठेवतात आणि थांबतात. पण अशा वर्कशॉपमध्ये दहा-बारा वर्षं काम करणारे कामगार असतात. त्यांची ग्रॅच्युइटी वहीत नसली तरी सेवा सलग धरून कंपनी त्यांना घेत असेल, तर ते ओझं कंपनीवर येतं. आपल्या उदाहरणात ते १,३२,५०० आहे. मुदत कर्ज, मालाची देणी, देय खर्च आणि ग्रॅच्युइटी मिळून १७,३२,५००. म्हणजे कंपनीला निव्वळ मालमत्ता मिळाली २९,००,००० ची. वेतनपत्रक मागवल्याशिवाय हा आकडा पक्का झाला असं समजू नका.

आता दिलेली बाजू. ३ लाख समभाग, प्रत्येकी ११ रुपये, म्हणून खरेदी मोबदला ३३,००,०००. ख्याती ३३ वजा २९, म्हणजे ४ लाख. कोणी दर्शनी किमतीने ३० लाख मोबदला धरला, तर ख्याती १ लाखच दिसेल आणि दर्शनी किमतीवरचं ३ लाखांचं रोखे अधिमूल्य हिशेबातून गायब होईल. ही चूक पकडायची सोपी खूण म्हणजे समभाग वाटपाचा ठराव. त्यात अधिमूल्य लिहिलेलं असूनही ताळेबंदात ते दिसत नसेल, तर मोबदलाच चुकीचा काढलाय.

कंपनीच्या वहीतली मुख्य नोंद अशी:

नावे: शेड २०,००,०००, यंत्रं १२,००,०००, माल ७,२०,०००, येणी ७,५०,०००, ख्याती ४,००,०००
जमा: मुदत कर्ज ९,००,०००, मालाची देणी ६,४०,०००, देय खर्च ६०,०००, ग्रॅच्युइटी तरतूद १,३२,५००, बुडीत येणी तरतूद ३७,५००, व्यवसाय खरेदी खाते ३३,००,०००

दोन्ही बाजू ५०,७०,००० ला जुळतात. येणी पूर्ण रकमेने आणि तरतूद वेगळी दाखवली, कारण ग्राहकांकडून उद्या पूर्ण साडेसात लाखच मागायचे आहेत. यंत्रांचं तसं नाही. ती नव्या मालकाच्या किमतीनेच येतात, जुना साचलेला घसारा सोबत येत नाही.

समभाग ३ लाखांऐवजी अडीच लाख दिले असते, तर मोबदला २७,५०,००० झाला असता आणि दीड लाख भांडवली राखीव. हा आकडा नफा-तोटा पत्रकात उत्पन्न म्हणून टाकायचा नाही. धंदा स्वस्तात मिळाला, कमाई झालेली नाही.

"मग निव्वळ मालमत्ता पद्धतीत ख्याती का येत नाही?" हा पुढचा प्रश्न. मोबदला म्हणून निव्वळ मालमत्ताच धरली, तर दोन्ही बाजूंना तोच आकडा बसतो आणि फरक शून्य. करारात 'सरासरी नफ्याच्या दोन वर्षांच्या खरेदीइतकी ख्याती', म्हणजे सरासरी नफ्याच्या दुप्पट, असं कलम असेल, तर ती ख्याती आधीच मालमत्तेत मिळवून मोबदला ठरतो. अशा वेळी पुन्हा वजाबाकी करून आणखी ख्याती शोधायची नसते. कराराचं ते पान आधी वाचा. मोबदला ठरवून दिलाय की रचून काढायचाय, हे तिथेच कळतं.

आता पुस्तकी गणितात न येणारी गोष्ट, जिच्यामुळे आमच्याकडे अशा फाईली बहुतेक वेळा करारापाशीच परत जातात. मालक स्वतःच्याच कंपनीला धंदा देतो, तेव्हा त्याला भांडवली नफ्यावरचा कर टाळायचा असतो. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४७ मधल्या चौदाव्या खंडाने ती सवलत दिली, पण अटी कडक ठेवल्या: धंद्याची सगळी मालमत्ता आणि सगळी देणी कंपनीकडे जायला हवीत, मालकाकडे किमान ५० टक्के मताधिकार हवा आणि तो पाच वर्षं टिकायला हवा, आणि मोबदला फक्त समभागांतच हवा. (२०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा जुना क्रमांक डोळे झाकून लिहू नका.) आपल्या करारात मालकाने बँक शिल्लक ठेवून घेतली, म्हणजे पहिलीच अट मोडली. परीक्षेतलं 'रोख सोडून सर्व मालमत्ता' हे वाक्य इथे महागात पडतं.

बँक शिल्लक आणि मेहुण्याचं कर्ज दोन्ही कंपनीकडे घेतलं, तर निव्वळ मालमत्ता दीड लाखाने वाढून ३०,५०,००० होते. त्याच ३३ लाखांच्या समभागांवर ख्याती अडीच लाख उरते. यंत्रं तीच, कामगार तेच, तरी ख्याती दीड लाखाने उतरली. म्हणून ख्यातीचा आकडा ठरवण्याआधी कराराची यादी अंतिम झाली आहे का, ते विचारा.

माझं मत विचाराल तर, देणारा आणि घेणारा एकच माणूस असताना मोठी ख्याती दाखवण्यात फारसा अर्थ नाही. आयकरात ख्यातीवरचा घसारा २०२१-२२ या करनिर्धारण वर्षापासून बंद झालाय, त्यामुळे तिचा करात फायदा उरला नाही. बँकेचा अधिकारीही कर्ज देताना निव्वळ मूल्यातून ती वजा करूनच बघतो. समभाग रोखीशिवाय दिलेले असल्याने ११ रुपये कुठून आले, हे कोणीतरी विचारणारच. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल फाईलमध्ये लावून ठेवा, आणि त्यातली शेडची किंमत करारातल्या २० लाखांशी जुळते का, ते स्वतः तपासा.