घरमालकांनी शांतीला ‘नको’ म्हटलं, मग चिठ्ठी बदलली

मुलगी मूळ नक्षत्रावर झाली, सत्ताविसाव्या दिवशी शांत करायची होती. आम्ही सांगलीत विश्रामबागला भाड्याने राहतो. मी मालक काकांना ‘घरी एक छोटी पूजा आहे, परवानगी असावी’ एवढंच लिहिलं. उत्तर आलं, नको. आधीच्या भाडेकरूंच्या होमाने हॉलची फरशी तडकली होती, हे नंतर कळलं. म्हणजे अडचण पूजेची नव्हती, विस्तवाची होती.

गुरुजींना विचारून दुसरी चिठ्ठी लिहिली:

‘ती. काका, सा. न. येत्या रविवारी सकाळी ८ ते १ बाळाची शांत करायची आहे. माणसं पंधरा. हवन पाऊण तास, हॉलमध्ये नाही, मागच्या गॅलरीत. खाली विटा, त्यावर चार बोटं वाळू, मग तांब्याचं कुंड. जेवण बाहेरून येईल, गाड्या रस्त्यावर लावू. फरशीला काही झालं तर खर्च माझा. संध्याकाळी येऊन पाहून जावं.’

काकांचा लगेच फोन. “वाळू ओली कर रे, कोरडी तापते.”

त्यांचा होकार मी मेसेजवरही मागून घेतला, कारण खालच्या मजल्यावरच्या काकू धूर दिसताच त्यांनाच फोन लावतात. लावलाच!