बारा वर्षांनंतरच्या फीसाठी दरमहा किती?

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांची फी आज 10 लाख रुपये असेल आणि ती दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढत गेली, तर सहा वर्षांच्या मुलाच्या प्रवेशावेळी, म्हणजे 12 वर्षांनी, ती 10 लाख × 1.08^12, म्हणजे सुमारे 25.18 लाख होईल. बचतीवर करानंतर वार्षिक 8 टक्के परतावा धरल्यास एक्सेलमध्ये पुढील सूत्र दरमहा सुमारे 10,470 रुपये दाखवते:

```
=PMT(8%/12,144,0,-2518170)
```

आजच्याच 10 लाखांवर हिशेब केल्यास उत्तर 4,158 येते. नेमकी हीच चूक टाळायची आहे. दुसऱ्या वर्षापासूनची फीवाढ वेगळी धरलेली नाही, कारण तोवर उरलेली रक्कमही त्याच दराने वाढते. मात्र परतावा फीवाढीपेक्षा कमी पडला, तर तूट येईल, म्हणून दरवर्षी कॉलेजच्या ताज्या फीवरून प्रवेशावेळची फी पुन्हा काढून, ती व उरलेले महिने घालून, आणि 0 च्या जागी जमलेली रक्कम वजा चिन्हाशिवाय लिहून, हे सूत्र पुन्हा चालवावे.